एक तास बारा मिनिटांची बैठक आणि १९० रुपयांचा फरक

मी मराठवाड्यातील एका गावात महिला बचत गटांची वही लिहिण्याचे काम करते. माझ्याकडे सहा गट आहेत, आणि प्रत्येक गटाची बैठक ठरलेल्या तारखेला होत असल्यामुळे त्या दिवशी मी तेथे असणे अपेक्षित असते. १० जानेवारी २०२५ रोजी, शुक्रवारी, मला घरच्या कारणाने बाहेरगावी जावे लागले आणि त्याच दिवशी बारा सदस्यांच्या एका गटाची मासिक बैठक होती. बैठक पुढे ढकलावी असे मी सुचवून पाहिले, परंतु त्या दिवशी दोघींना कर्ज हवे होते, म्हणून अध्यक्षताईंनी बैठक घ्यायचे ठरवले. त्यांनी सर्वांना विचारून सचिवताईंचा मोबाइल पेटीशेजारी ठेवला आणि सारी बैठक ध्वनिमुद्रित केली. रात्री ती फाइल माझ्या व्हॉट्सॲपवर आली. तिची लांबी एक तास बारा मिनिटे होती, आणि सोबत निरोप होता, "ताई, सगळं यात बोललंय, आता वही तुम्ही लिहा."

सगळे बोलले गेले होते हे खरे, पण बोललेले आणि वहीत लिहिण्याजोगे यांत किती अंतर असते ते मला पुढचे तीन दिवस उमगत गेले. येथे मी सदस्यांची नावे देणार नाही. कोणाचे किती कर्ज आहे ही ज्या त्या घरातली गोष्ट आहे, म्हणून नावांऐवजी वहीतील अनुक्रमांक लिहिते.

पहिल्यांदा मी काहीही न लिहिता सर्व ऐकून घेतले. याआधी एकदा छोट्या ध्वनिमुद्रणावरून लिहिताना ऐकू आलेला पहिलाच आकडा मी टिपला होता आणि तोच नंतर बदलला गेला होता, म्हणून ही सवय लावून घेतली आहे. या पहिल्या ऐकण्यात बैठकीचे टप्पे लक्षात आले. सुरुवातीला हजेरी आणि मागचे इतिवृत्त, नवव्या मिनिटापासून बचत, एकविसाव्या मिनिटापासून परतफेड, अडतिसाव्या मिनिटापासून कर्जाची चर्चा, मग चहा, आणि अगदी शेवटी पेटीतील रोख मोजणे. दुसऱ्यांदा ऐकताना मी कागदावर तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात मिनिट आणि सेकंद, दुसऱ्यात कोण बोलले, तिसऱ्यात जे बोलले ते जसेच्या तसे. या कागदावर मी मुद्दाम एकही बेरीज केली नाही. 'हजार घे, व्याज त्यातच' असे कोणी म्हणाले असेल तर तेवढेच लिहिले, त्याची मुद्दल-व्याज अशी फोड केली नाही. ऐकणे आणि हिशेब करणे ही दोन कामे एकाच वेळी केली की कान हिशेबाला सोयीचे तेच ऐकू लागतो.

कोण बोलले हे ओळखणे मला सोपे गेले, कारण या बायकांचे आवाज माझ्या ओळखीचे आहेत. अनोळखी माणसाला ते जमणे कठीण आहे. बैठकीत कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. जाऊबाई, आक्का, मावशी, मोठी वहिनी असेच चालते, आणि या गटात एकीची जाऊ तिसऱ्या क्रमांकावर आहे तर दुसरीची सातव्या. "जाऊबाईंचे घ्या" हे वाक्य कोणाच्या तोंडून आले त्यावर पैसे कोणाच्या खात्यात जातात हे ठरते.

बचतीपासून सुरुवात केली. गटाची बचत दरमहा २०० रुपये आहे. वीस मिनिटांच्या आसपास कोषाध्यक्षताईंनी मोठ्याने सांगितले, "बचत चोवीसशे झाली." बारा सदस्यांचे दोनशेप्रमाणे २,४०० रुपये होतात. मला हायसे वाटले आणि मी तिसऱ्यांदा न ऐकताच बाराही नावांपुढे दोनशे लिहून टाकले. हजेरीत सात क्रमांकाची सदस्य गैरहजर होती, पण तिची बचत तीन क्रमांकाच्या जाऊबाईंनी आणली होती आणि ते वाक्य स्पष्ट ऐकू आले होते, तेव्हा शंका घ्यायला जागा नव्हती. ही माझी पहिली चूक, आणि ती बेरजेने झाकली गेली होती.

ती उघड झाली दंडामुळे. दंडाची रक्कम कोषाध्यक्षताईंनी तीस रुपये सांगितली होती. गटाच्या ठरावाप्रमाणे उशिरा येणारीला दहा रुपये दंड आहे आणि उशिरा दोघीच आल्या होत्या. त्यांच्या येण्याचे आवाज, आणि त्यावर झालेली थट्टा, दोन्ही टेपवर आहेत. मग तिसरे दहा रुपये कशाचे? दुसरा दंड फक्त मागील महिन्याची बचत थकवणारीला असतो. मी डिसेंबरचे पान उघडले तेव्हा अकरा क्रमांकाच्या सदस्येचा रकाना कोरा दिसला. परत नवव्या मिनिटावर आले आणि कान लावून ऐकले. अकरा क्रमांकाची बाई हळू आवाजात म्हणते, "हे मागचे नि आताचे." कोषाध्यक्षताई म्हणतात, "चारशे, दंड वेगळा." म्हणजे तिने ४०० दिले होते. तसे असेल तर बचत २,६०० व्हायला हवी होती. २,४००च झाली म्हणजे कोणीतरी दिलेच नव्हते. नोटा घेताना कोषाध्यक्षताई क्रमांक पुटपुटतात ही त्यांची सवय माझ्या कामी आली. "सात... आठ... दहा" असा तो क्रम होता. आठ आणि दहा यांच्यामध्ये हशा पिकला आहे आणि त्या हशाखाली नऊ क्रमांकाच्या सदस्येचा आवाज आहे, "माझे पुढल्या टायमाला."

बेरीज जुळली याचा अर्थ प्रत्येक नोंद बरोबर आहे असा होत नाही, हे मी इतरांना प्रशिक्षणात सांगत असे, आणि स्वतःच त्यात अडकले. मी तशीच वही लिहिली असती तर नऊ क्रमांकाच्या खात्यात न भरलेले दोनशे रुपये जमा झाले असते आणि अकरा क्रमांकाच्या खात्यातून तितकेच गायब झाले असते. गटाची रोकड मात्र बिनचूक दिसली असती, त्यामुळे हे वर्षाखेरीपर्यंत, कदाचित तिचे पासबुक हाती येईपर्यंत, कोणाच्या लक्षात आले नसते. दुरुस्ती करताना मी अकरा क्रमांकाचे चारशे रुपये १० जानेवारीच्याच पानावर घेतले. डिसेंबरच्या कोऱ्या रकान्यात मागे जाऊन दोनशे लिहिण्याचा मोह होतो, परंतु डिसेंबरची रोकड १,३५० रुपयांवर बंद झाली आहे आणि तिच्यावर सह्या आहेत. तेथे आता दोनशे घातले तर ती शिल्लक खोटी ठरते. पैसे ज्या दिवशी हातात आले त्या दिवसाचीच ती नोंद, शेऱ्यात फक्त 'पैकी २०० डिसेंबरची थकबाकी' असे लिहिले.

परतफेडीत चौघी होत्या आणि तेथे अडचण वेगळी होती. बाई जी रक्कम देते ती एक असते, वहीत मात्र तिचे मुद्दल आणि व्याज असे दोन भाग करावे लागतात, आणि ते भाग टेपवर कोणी बोलत नाही. गटाचा व्याजदर शिल्लक मुद्दलावर दरमहा शेकडा दोन आहे आणि आलेल्या पैशातून आधी व्याज वळते करायचे असा ठराव आहे. दोन क्रमांकाच्या सदस्येकडे ६,००० रुपये बाकी होते. तिने अकराशे वीस दिले, म्हणजे व्याज १२० आणि मुद्दल १,०००. आठ क्रमांकाने पंधराशे तीस देऊन आपले १,५०० रुपयांचे खाते मिटवले. दहा क्रमांकाने ५,००० रुपयांवरचे शंभर रुपये व्याज तेवढे दिले. या तिन्ही रकमा नियमाशी आपोआप जुळल्या.

पाच क्रमांकाची नोंद मात्र थांबवून गेली. "हजार घे, व्याज त्यातच धर" असे ती म्हणाली होती आणि तिच्याकडे ४,००० रुपये बाकी होते. मी ऐंशी रुपये व्याज काढून ९२० मुद्दलात टाकले. नंतर खाते उघडून पाहिले तेव्हा डिसेंबरमध्ये तिने काहीच भरले नव्हते असे दिसले, म्हणजे व्याज दोन महिन्यांचे, १६० रुपये, आणि मुद्दलात ८४० गेले. बाकी ३,०८० नसून ३,१६० राहिली. टेपमध्ये याचा कोठेही उल्लेख नाही आणि असणारही नव्हता, कारण बैठकीत बसलेल्या सगळ्यांना ते ठाऊक होते. ध्वनिमुद्रणावरून वही लिहिताना आधीची वही शेजारी उघडी नसेल तर अर्धा मजकूर ऐकूच येत नाही. चौघींची मिळून परतफेड ३,७५० रुपये झाली. त्यात व्याज ४१० आणि मुद्दल ३,३४०.

कर्जवाटपाचा भाग सर्वांत लांब होता, चोवीस मिनिटांचा, आणि त्यात आकडे सर्वांत जास्त ऐकू येतात. पाच हजार, तीन हजार, दोन हजार, चार हजार, पुन्हा तीन. यांतले बहुतेक आकडे वहीत येणारच नसतात. चर्चेतल्या एका कर्जाला तीन पायऱ्या असतात: मागणी, मंजुरी आणि हातात पैसे देणे. चार क्रमांकाच्या सदस्येने पाच हजार मागितले. "एवढे पेटीत कुठून आणू?" असे कोषाध्यक्षताई म्हणाल्या, कोणीतरी चार सुचवले, अखेर अध्यक्षताईंनी "तीन हजार, सगळ्यांना मान्य?" असे विचारले आणि दोन-तीन आवाजांत "हो" आले. एक क्रमांकाच्या सदस्येनेही दोन हजार मागितले होते. तिला "फेब्रुवारीत बघू" असे उत्तर मिळाले. 'बघू' म्हणजे मंजुरी नव्हे. मी तिची नोंद इतिवृत्तात मागणी म्हणून घेतली, कर्जाच्या वहीत नाही. माझा नियम साधा होता. मंजुरीचे वाक्य आणि नोटा मोजण्याचा आवाज दोन्ही सापडले तरच कर्ज दिले असे धरायचे.

दुसरे कर्ज बारा क्रमांकाच्या सदस्येला मिळाले. तिची मंजुरी त्रेपन्नाव्या मिनिटाला आहे आणि नेमक्या त्याच वेळी घरासमोरून ट्रॅक्टर गेला आहे. ट्रॅक्टरच्या आवाजातून "... दोन हजार, मान्य?" एवढे ऐकू येते. मी दोन हजार लिहिले.

या टप्प्यावर मी रोख जुळवायला घेतली. डिसेंबरची शिल्लक १,३५०, बचत २,४००, परतफेड ३,७५०, दंड ३०, एकूण जमा ७,५३०. दिलेले कर्ज तीन हजार आणि दोन हजार, मिळून ५,०००. पेटीत उरायला हवे २,५३०. बैठकीच्या शेवटी, एकोणसत्तराव्या मिनिटाला, कोषाध्यक्षताईंनी पेटी मोजून सांगितले होते, "सत्तावीसशे वीस." पेटीत माझ्या हिशेबापेक्षा १९० रुपये जास्त होते.

१९० हा आकडा मला बराच वेळ छळत राहिला, कारण बैठकीत १९० रुपयांचा व्यवहारच झालेला नव्हता. दोनशेचा फरक असता तर बचत तपासली असती, दहाचा असता तर दंड. अशा बेढब फरकाचा बहुधा एकच अर्थ निघतो: चुका दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला आहेत. पेटीत पैसे जास्त आहेत म्हणजे एक तर मी कोठेतरी जमा कमी धरली आहे किंवा वाटप जास्त धरले आहे, आणि त्याच वेळी एखादा छोटा खर्च माझ्याकडून सुटला आहे. जमेची बाजू मी दंडापर्यंत उलगडून पाहिली होती, म्हणून संशय वाटपावर गेला. चार क्रमांकाच्या तीन हजारांची मंजुरी लख्ख ऐकू येत होती. उरले ते ट्रॅक्टरखालचे दोन हजार.

तो तुकडा मी अर्ध्या गतीने, कानात इअरफोन घालून किमान दहा वेळा ऐकला, तरी ट्रॅक्टर काही हटला नाही. मग मंजुरी सोडून पुढे गेले आणि पैसे हातात दिल्याची जागा शोधली. तेथे कोषाध्यक्षताई पाचशेच्या नोटा मोजत आहेत. "पाच, दहा, पंधरा," मग नोटा बदलल्याचा आवाज, "आणि ह्या शंभराच्या दोन, आणि हा पन्नास." पाचशेच्या नोटा मोजताना आपल्याकडे पाच म्हणजे पाचशे, दहा म्हणजे हजार, पंधरा म्हणजे दीड हजार असा पाढा चालतो. दोन हजार द्यायचे असते तर पंधरानंतर वीस आले असते आणि तेथेच संपले असते. येथे पंधराशे, दोनशे आणि पन्नास झाले, म्हणजे १,७५०. ट्रॅक्टरने गिळलेला शब्द 'पावणे' होता. पावणेदोन हजारातले पावणे गेले की अडीचशे रुपये वाढतात. मराठी संख्यांची ही खोड मला आता चांगलीच ठाऊक आहे. सव्वा, साडे, पावणे हे शब्द आधी येतात, बोलताना दबून जातात, आणि ते ऐकले नाहीत तरी उरलेले वाक्य अगदी धडधाकट वाटते, त्यामुळे काही सुटले आहे अशी शंकाही येत नाही. दीड आणि अडीच यांचे तसे होत नाही, कारण तो पूर्ण शब्द असतो. तो ऐकू आला नाही तर वाक्यात भोक तरी दिसते.

कर्ज १,७५० धरल्यावर पेटीत २,७८० असायला हवे होते. प्रत्यक्षात २,७२० होते. आता साठ रुपये कमी पडले, आणि साठ हा आकडा मात्र व्यवहारातला वाटतो. तो मला चहाच्या वेळेत सापडला. एक तास चार मिनिटांनी सचिवताई म्हणतात, "परवा बँकेत गेले तर रिक्षाला साठ गेले," आणि त्यावर कोषाध्यक्षताई, "हे घे तुझे." पहिल्या दोन्ही वेळा मी हा भाग गप्पा समजून सोडून दिला होता, माझ्या तीन रकान्यांच्या कागदावर 'चहा' असा एकच शब्द होता. प्रवासखर्चाची नोंद घेतली, फक्त सचिवताईंकडून पावती किंवा सही घ्यायची राहिली आहे असा शेरा मारला. आता ७,५३० मधून ३,०००, १,७५० आणि ६० वजा जाऊन २,७२० उरले.

बचतीने एकदा शिकवले होते, म्हणून कर्जाच्या बाजूने आणखी एक पडताळा केला. बैठकीपूर्वी चौघींकडे मिळून १६,५०० रुपये मुद्दल बाकी होते. त्यातून ३,३४० परत आले आणि ४,७५० नवे गेले, म्हणजे १७,९१० बाकी हवी. प्रत्येक खाते वेगळे मांडले, ५,०००, ३,१६०, ५,०००, ३,००० आणि १,७५०, आणि बेरीज तीच आली. पाच क्रमांकाच्या बाबतीत ऐंशी रुपयांची चूक तशीच राहिली असती तर रोकड जुळली असती आणि हा पडताळाही जुळला असता, कारण मुद्दलाचा आकडा दोन्हीकडे मीच भरलेला असता. ती चूक फक्त मागचे पान उघडल्यानेच दिसते. म्हणून मी या पडताळ्यावर फार विसंबत नाही.

उरल्या परतफेडीच्या तारखा. मला वाटले होते हा भाग सर्वांत सोपा असेल, परंतु तसे झाले नाही, कारण आमच्या बैठकांमध्ये तारीख क्वचितच तारीख म्हणून बोलली जाते. चार क्रमांकाची सदस्य म्हणाली, "हरभरा निघाला की हजार-हजार देईन." वहीत हरभरा लिहिता येत नाही. सुदैवाने अध्यक्षताईंनी लगेच विचारले, "म्हणजे मार्चच्या बैठकीपासून ना? फेब्रुवारीत व्याज तेवढं द्यायचं," आणि तिने हो म्हटले. त्यामुळे तिचे वेळापत्रक मला टेपवरूनच बांधता आले. १० फेब्रुवारीला फक्त व्याज ६० रुपये. १० मार्चला १,००० आणि व्याज ६०. १० एप्रिलला १,००० आणि व्याज ४०. १० मे रोजी शेवटचे १,००० आणि व्याज २०. फेब्रुवारीत मुद्दल फिटत नसल्यामुळे मार्चचे व्याज पूर्ण तीन हजारांवरच लागते, आणि ते साठ रुपये दुसऱ्यांदा लिहिताना आपण चुकून तोच हप्ता पुन्हा लिहितो आहोत की काय असे मला क्षणभर वाटले.

बारा क्रमांकाने सांगितले, "पाडव्याला एकरकमी टाकते." पाडवे दोन असतात. दिवाळीचा पाडवा या जानेवारीतून नऊ महिन्यांपेक्षा दूर होता, गुढीपाडवा ३० मार्चला. कोणीही गुढीपाडवाच धरेल आणि मीही धरला, परंतु नुसत्या अंदाजावर कर्जाची तारीख लिहिणे मला बरे वाटले नाही. शिवाय ३० मार्च ही बैठकीची तारीख नव्हती. गटाचा ठराव असा आहे की पैसे बैठकीतच, सर्वांसमोर घ्यायचे. मग १० मार्चला घ्यायचे की १० एप्रिलला? मार्च धरला तर ती पाडव्यापूर्वीच थकबाकीदार ठरते. एप्रिल धरला तर व्याज एक महिना जास्त. आणि हे व्याज दरमहा ३५ रुपये भरायचे की शेवटी एकदम १०५, याबद्दल टेपवर एक शब्दही नाही. मी तारखेचा रकाना कोरा ठेवला आणि त्यात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढले. न ऐकलेली गोष्ट तर्काने भरायची नाही. इतर ठिकाणी मी चुकले असेन, येथे मात्र हट्टाने थांबले.

१३ तारखेला, भोगीच्या दिवशी दुपारी, मी गावात जाऊन अध्यक्षताईंच्या ओसरीवर बसले. दहा जणी आल्या. मी पक्की वही अजून लिहिली नव्हती, कच्च्या कागदावरून एकेक नोंद वाचून दाखवली. नऊ क्रमांकाची सदस्य बचतीची नोंद ऐकून म्हणाली, "बरं झालं लिहिलं, नाहीतर मीच विसरले असते." पाच क्रमांकाला व्याज १६० का धरले ते समजावून सांगावे लागले, तिचा हिशेब ऐंशीचा होता आणि तिला तो पटवून घ्यायला वेळ लागला, अखेर तिच्याच पासबुकातला डिसेंबरचा कोरा रकाना तिला दाखवला. सचिवताईंनी साठ रुपयांच्या खर्चावर सही केली.

मग पाडव्याचा विषय काढला. बारा क्रमांकाच्या बाईला माझा प्रश्नच कळेना. "पाडवा म्हणजे पाडवा की ताई. यांचं साल तेव्हाच संपतं." तिचा नवरा सालगडी आहे. आमच्या भागात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला सुरू होते आणि पुढल्या गुढीपाडव्याला संपते. मालकाकडचा हिशेब त्याच दिवशी होतो आणि नवी बोलीही त्याच दिवशी ठरते. माझ्यापुरते कोडे असलेले वाक्य तिथे बसलेल्या सगळ्यांना तारखेइतकेच नेमके होते. पैसे ३० मार्चला हातात येणार म्हणजे १० मार्च शक्यच नव्हता. १० एप्रिल ही तारीख सर्वांनी मान्य केली. व्याज दरमहा की शेवटी, यावर थोडी चर्चा झाली आणि इतर कर्जांप्रमाणे दरमहा ३५ रुपये असे ठरले. तिच्या नावापुढे मी लिहिले: १० फेब्रुवारी ३५, १० मार्च ३५, १० एप्रिल मुद्दल १,७५० आणि व्याज ३५. प्रश्नचिन्ह खोडरबराने पुसले आणि तिची सही घेतली.

त्यानंतर तिथेच बसून बचत-कर्जाची वही, रोकड वही आणि इतिवृत्त पक्के लिहिले, पासबुके भरली. इतिवृत्ताच्या शेवटी बैठक १० जानेवारीला झाली, नोंदी ध्वनिमुद्रणावरून घेतल्या आणि १३ जानेवारीला सदस्यांसमोर वाचून मंजूर केल्या, असे तीनही पदाधिकाऱ्यांच्या सह्यांसह लिहिले. दोन गैरहजर सदस्यांना फेब्रुवारीच्या बैठकीत त्यांच्या नोंदी वाचून दाखवायच्या, हेही त्यात घातले.

एक काम उरले होते. त्या बहात्तर मिनिटांत पैशांशिवायही बरेच आहे. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला एक सदस्य आपल्या घरातली एक गोष्ट सांगते, इतरजणी तिला समजावतात, आणि मोबाइल सुरू आहे हे तेव्हा कोणाच्याच लक्षात नव्हते. मी ते सांगितल्यावर ओसरीवर थोडी शांतता झाली. सह्या झाल्यावर सचिवताईंनी त्यांच्या मोबाइलमधली फाइल सगळ्यांसमोर काढून टाकली, आणि मी माझ्या व्हॉट्सॲपमधली.